मंदावलेला लॅपटॉप आणि मराठवाड्याचा उन्हाळा

लॅपटॉपसोबत जी छोटी पुस्तिका येते आणि जी खोक्यातून बाहेर काढण्याचे श्रमही सहसा कोणी घेत नाही, त्या पुस्तिकेत बहुतेक कंपन्यांनी एक ओळ बारीक टंकात छापलेली असते, ती अशी की हे यंत्र ज्या हवेत चालवावयाचे, त्या हवेचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक असू नये. परभणी, पाथरी, सेलू, मानवत, गंगाखेड या भागांत राहणाऱ्या वाचकाने ही ओळ वाचली तर त्याला किंचित हसू येईल. कारण एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा आठवडेच्या आठवडे चाळिशीच्या वर असतो आणि त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांची दुपार ही वर्तमानपत्राने मथळा द्यावा इतकीही अपूर्व गोष्ट राहिलेली नाही. नवा असताना चपळ वाटणारा लॅपटॉप वर्षभरात मंद का झाला, हा प्रश्न घेऊन जेव्हा कोणी येतो, तेव्हा व्हायरस, विंडोज, कंपनीची लबाडी इत्यादी सर्व संशयितांची नावे तो घेतो. परंतु ज्या हवेत ते यंत्र वर्षभर श्वास घेत होते त्या हवेचे नाव त्याच्या तोंडी क्वचितच येते. प्रस्तुत लेखात म्हणूनच मुख्यतः तिचाच विचार करावयाचा आहे. अन्य कारणे खरी आहेत आणि त्यांकडेही वळावयाचे आहे, पण ती मुंबईच्या वाचकालाही तितकीच लागू पडतात.

प्रोसेसर काम करतो तेव्हा तापतो. सर्वसाधारण बारीक अंगाच्या लॅपटॉपमधील प्रोसेसर सतत चालला असता सुमारे १५ वॅट आणि एखादे काम झटक्यात उरकावयाचे असले की काही सेकंद त्याच्या दुप्पट-तिप्पट वीज घेतो, आणि ही सारी वीज अखेरीस उष्णतेतच परिणत होते. ती उष्णता तांब्याच्या एका चपट्या नळीतून यंत्राच्या कडेपर्यंत नेली जाते, तेथे अत्यंत पातळ धातुपत्र्यांची एक दाट रांग असते, आणि लहानसा पंखा तळातून ओढलेली हवा त्या पत्र्यांच्या फटींतून बाहेर लोटतो. या व्यवस्थेचे एक साधे गणित आहे, ते ध्यानात ठेवले म्हणजे पुढील पुष्कळसा उलगडा आपोआप होतो: विशिष्ट काम करताना प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा किती अंशांनी अधिक तापेल हा आकडा जवळपास ठरलेला असतो. हा फरक ५५ अंशांचा धरला, तर डिसेंबरातील २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ८० अंशांवर राहील आणि मे महिन्यातील ४३ अंशांच्या खोलीत तेच काम करताना तो ९८ अंशांवर जाईल. आता बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास ठरविलेली असते, आणि ती जवळ आली की तो स्वतःला जळू न देण्याच्या हेतूने आपला वेग स्वतःच उतरवतो. यंत्र बिघडलेले नसते. ते स्वतःला जपत असते, आणि त्या जपण्यालाच आपण मंदपणा म्हणतो.

परंतु एवढ्यावरून पहिल्या उन्हाळ्यातच यंत्र रखडावयास हवे होते, ते वर्षाने का रखडते, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचे उत्तर कापसात आहे. मानवत आणि सेलू येथील कापसाच्या बाजारपेठा मराठवाड्यात नावाजलेल्या; दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की पुढे फाल्गुनापर्यंत जिनिंगचे कारखाने चालतात, कापसाने भरलेल्या गाड्या रस्त्यांवरून जातात, आणि डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत तरंगत राहतात. काळ्या मातीची धूळ एकटी असती तर तिच्यापैकी बराच भाग पत्र्यांच्या फटींतून निघून गेला असता. तंतूचे तसे नाही. तो आडवा अडकतो, त्यावर दुसरा अडकतो, त्यांच्या जाळीत धूळ बसते, आणि एका हंगामात पंखा व पत्रे यांच्या मधोमध नमद्यासारखा एक घट्ट थर तयार होतो. हा थर आतल्या बाजूस असतो, हे विशेष लक्षात घ्यावे. बाहेरून जाळीत डोकावले असता सारे स्वच्छ दिसते, आणि पंखा तर पूर्वीपेक्षा अधिक जोराने घोंघावत असल्यामुळे तो आपले काम चोख बजावीत आहे असाच समज होतो. प्रत्यक्षात हवा बाहेर पडत नसते. मघाचा ५५ अंशांचा फरक अशा वेळी ६५ किंवा ७० अंशांवर जातो, आणि मग चाळीस अंशांची गरज उरत नाही. बत्तीस अंशांच्या सकाळीही यंत्र मर्यादेला टेकते. कापसाचा एक हंगाम आणि त्यामागोमाग एक उन्हाळा, हीच ती वर्षाची मुदत होय.

आपल्या यंत्राचा रोग हाच आहे की दुसरा, हे ओळखण्याची पहिली परीक्षा बिनखर्ची आहे. मे महिन्यात सूर्योदयाच्या सुमारास, यंत्र रात्रभर बंद असलेले असताना, एखादे नित्याचे पण थोडे जड काम करून पाहावे, उदाहरणार्थ बऱ्याच पानांचे स्कॅन एकत्र करून त्यांची पीडीएफ बनविणे. आणि तेच काम दुपारी तीनच्या सुमारास, यंत्र तास-दोन तास चाललेले असताना करावे. पहाटे चपळ आणि दुपारी रखडणारे यंत्र उष्णतेने पीडित असते. पहाटेही तितकेच रखडत असेल तर उष्णता निर्दोष समजून पुढे दिलेल्या अन्य कारणांकडे वळावे.

दुसरी परीक्षा याची रुजुवात करण्यासाठी. Ctrl, Shift आणि Esc या तीन कळा एकदम दाबल्या की Task Manager उघडतो. त्यातील Performance या भागात CPU वर गेले असता Speed आणि Base speed असे दोन आकडे दिसतात. दुसरा आकडा हा त्या प्रोसेसरचा पायाभूत वेग. यंत्र रिकामे असताना पहिला आकडा खाली गेला तर त्यात चिंतेचे काही नाही, कारण काम नसताना वेग उतरविणे हा प्रोसेसरचा धर्मच आहे. परंतु जड काम चालू आहे, चार्जर लावलेला आहे, पंखा ओरडतो आहे आणि तरीही Speed हा Base speed च्या पुष्कळ खाली अडकून बसला आहे, असे दिसले तर आरोप सिद्ध झाला असे समजण्यास फारशी हरकत नाही. HWiNFO या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अंश प्रत्यक्षही पाहता येतात. एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. मूळ चार्जर खराब झाल्यावर बाजारातून स्वस्तातला दुसरा आणला असेल आणि यंत्राला तो आपला म्हणून ओळखता आला नाही, तर काही लॅपटॉप प्रोसेसरचा वेग एक गिगाहर्ट्झच्याही खाली उतरवून तेथेच रोखून धरतात. अशा वेळी मंदपणा पहाटे आणि दुपारी सारखाच असतो, तापमान कमी असते, आणि मूळ जातीचा चार्जर लावताच यंत्र तत्काळ पूर्ववत होते.

मानवतच्या एका सेवा केंद्रातील लॅपटॉपचा मामला या संदर्भात सविस्तर सांगण्यासारखा आहे. बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाचे, जातीचे, अधिवासाचे दाखले काढण्यासाठी विद्यार्थ्यांची अशा केंद्रांवर रीघ लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत हे यंत्र दुपारी इतके मंद होई की एक दस्तऐवज अपलोड करेपर्यंत पोर्टलचे सत्र संपून जाई व अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागे. केंद्रचालक तरुणाने ते परभणीस नेऊन दाखविले. तेथे विंडोज पुसून नव्याने घालून दिले गेले. ‘‘सर, फॉरमॅट मारून आणलाय, तिथं दुकानात एकदम भारी चालला, अन् इथं आणला की दोन दिसांत पुन्हा तसाच,’’ असे त्याचे म्हणणे. या त्याच्या एका वाक्यातच सारे निदान होते, कारण ते दुकान वातानुकूलित होते आणि केंद्र पत्र्याच्या छपराखाली. दुपारी तीन वाजता पाहिले तेव्हा Base speed २.४० गिगाहर्ट्झ असलेल्या त्या यंत्राचा प्रत्यक्ष वेग काम चालू असताना एक गिगाहर्ट्झच्याही खाली होता आणि तापमान ९७ अंशांवर खिळलेले होते. वर, गरम हवा बाहेर पडण्याची डावी कड अर्जांच्या फायलींच्या गठ्ठ्याला टेकलेली. गठ्ठा हलविल्याबरोबर चार अंश उतरले. तळाचे झाकण काढून पंखा बाजूला केला तेव्हा पत्र्यांवरून कापूस व धूळ यांचा एक सलग तुकडा चिमट्याने उचलून काढता आला. त्यानंतर त्याच वेळी, त्याच खोलीत, त्याच कामासाठी वेग २.६ च्या वर राहू लागला आणि तापमान ८६ वर स्थिरावले. फॉरमॅटचा खर्च व्यर्थ गेला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र, डिजिटल सही यांची सारी जुळवणी त्याला नव्याने करावी लागली होती.

ही सफाई ज्याला स्क्रूड्रायव्हर हाताळण्याची सवय आहे त्याने घरीही करावी; ज्याला नाही त्याने दुरुस्तीच्या दुकानात जाऊन ‘पंखा आणि हीटसिंक उघडून साफ करा’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे, नाहीतर तेथे बाहेरून ब्लोअर मारून काम झाले असे सांगण्याचा प्रघात आहे. वॉरंटीची मुदत शिल्लक असेल तर झाकण उघडण्यापूर्वी कंपनीच्या सेवा केंद्राकडे चौकशी करणे इष्ट. स्वतः करणाऱ्याने यंत्र पूर्ण बंद करून चार्जर काढावा, तळाचे स्क्रू काढून झाकण प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने हलकेच उचलावे, आणि अन्य कशालाही हात लावण्यापूर्वी बॅटरीची जोडणी मदरबोर्डापासून सोडवावी. ही पायरी गाळणाऱ्याच्या हातून एखाद्या स्क्रूच्या घसरण्याने सारा बोर्ड निकामी होऊ शकतो. मग पंख्याचे दोन-तीन स्क्रू आणि त्याची वायर काढून तो उचलला की पत्र्यांची आतली बाजू उघडी पडते. तेथील थर मऊ ब्रशने किंवा चिमट्याने काढावा. बाहेरच्या जाळीतून आत हवा मारली तर तो थर तुटून पंख्यात जातो, आणि हवेने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते, म्हणून हवा वापरावयाचीच असेल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसर या कामाला कदापि वापरू नये. त्या हवेत पाण्याचे आणि तेलाचे कण असतात. प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट एका वर्षात सहसा वाळत नाही, सबब ती पहिल्याच वर्षी बदलण्याचा आग्रह कोणी धरला तर तो मानण्याचे कारण नाही. तीन-चार वर्षे झालेल्या यंत्राची गोष्ट निराळी. सफाईला सर्वोत्तम काळ होळीच्या मागेपुढे, म्हणजे जिनिंगचा हंगाम ओसरल्यावर आणि ऊन चढण्यापूर्वी.

सफाईनंतरही चव्वेचाळीस अंशांच्या दुपारी यंत्र थोडे उतरणारच, कारण मूळचा फरक आपण पूर्ववत केला तरी हवा ती हवाच. येथे आपल्याकडचा पाण्याचा कूलर उपयोगी पडतो, आणि तो किती उपयोगी पडतो हे फार थोड्यांच्या लक्षात आलेले असते. कोरड्या मे महिन्यात तो खोलीची हवा दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो, आणि वर सांगितलेल्या गणितानुसार प्रोसेसरचेही जवळपास तितकेच अंश उतरतात. लॅपटॉपखाली ठेवण्याचे जे पंख्याचे स्टँड बाजारात मिळतात ते खोलीचीच गरम हवा फिरवीत असल्यामुळे याच्या पासंगालाही पुरत नाहीत. पथ्य इतकेच की कूलरचा झोत थेट यंत्रावर येऊ देऊ नये, कारण ओलसर हवेत धूळ चिकट होऊन पत्र्यांवर घट्ट बसते, आणि एक खिडकी उघडी ठेवावी म्हणजे दमटपणा कोंडून राहत नाही. मृग लागल्यावर हा उपाय संपतो. पण तेव्हा त्याची गरजही उरत नाही. लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवल्यास तळातील हवेची वाट बंद होते, हे सांगावयास नकोच. मागची बाजू दोन वह्यांवर टेकवून बोटभर उचलली तरी पुरे.

दुपारीही सलग काम करणे ज्याला भाग आहे त्याने प्रोसेसरची झटक्याने वेग घेण्याची सवय उन्हाळ्यापुरती बंद करावी. असे केल्याने कमाल वेग घटतो हे खरे, परंतु चढणे आणि कोसळणे थांबून काम एकसारख्या गतीने चालते. Command Prompt प्रशासकाच्या अधिकाराने उघडून पुढील दोन ओळी द्याव्यात:

```
powercfg /setacvalueindex scheme_current sub_processor PROCTHROTTLEMAX 99
powercfg /setactive scheme_current
```

पावसाळ्यात ९९ च्या जागी १०० घालून त्याच ओळी पुन्हा दिल्या की सारे मूळपदावर येते. ही तजवीज चार्जर लावलेला असतानाच लागू होते, आणि ज्या यंत्राचा Base speed दीड गिगाहर्ट्झच्या खाली आहे त्याने ती करूच नये, कारण तेथे पायाभूत वेगच तोकडा असतो.

आता उष्णता निर्दोष ठरलेल्या यंत्रांकडे. त्याच Task Manager मध्ये Memory आणि Disk हे दोन विभाग आहेत. Memory नव्वद टक्क्यांच्या आसपास भरलेली आणि त्याच वेळी Disk सतत हालत असलेली दिसली, तर रॅम अपुरी पडून यंत्र आपला पसारा डिस्कवर ने-आण करीत आहे असे समजावे. चार जीबी रॅमच्या यंत्रांचा हा नित्याचा रोग. त्यावर औषध एकच, ते म्हणजे रॅम वाढविणे, आणि ती वाढविण्यास जागा आहे किंवा नाही हे Memory याच विभागात Slots used या ओळीवरून बहुधा कळते. Disk जर काहीही विशेष काम नसतानाही शंभर टक्क्यांवर असेल आणि आत फिरणारी जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी घालण्याइतका प्रत्यय देणारा दुसरा उपाय नाही. फिरती डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला शंभराच्या आसपास वाचने करू शकते, एसएसडी हजारो. ज्यांच्याकडे एसएसडी आधीच आहे त्यांनी ती गच्च भरू देऊ नये. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी नसली की स्वस्त जातीची एसएसडी लिहिताना अडखळू लागते, आणि ती जागा बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरलेल्या व्हिडिओंनी व्यापलेली असते.

यंत्र सुरू होताच आपोआप जागे होणारे प्रोग्रॅम Startup apps या भागात आढळतात. त्यांतील अनावश्यक ते बंद करावेत, मात्र सेवा केंद्रवाल्यांनी अंगठ्याच्या यंत्राच्या सेवेला हात लावू नये. दोन अँटीव्हायरस एकत्र असतील तर एक काढावा. विंडोजसोबत येणारा तेवढा सामान्य घरास पुरतो. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: Shut down केल्याने विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, Fast Startup या सोयीमुळे तिचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा उठविला जातो. CPU च्या पानावरील Up time हा आकडा म्हणूनच, रोज रात्री यंत्र बंद करणाऱ्यालाही, वीस-वीस दिवसांचा दिसतो. साचलेला गाळ जावा असे वाटत असेल तर आठवड्यातून एकदा Restart करावे.

याउलट डेस्कटॉपवर उजवी कळ दाबून पुनःपुन्हा Refresh करण्याचा जो विधी आपल्याकडे भक्तिभावाने चालतो, त्याने पडद्यावरील चित्रे नव्याने काढली जाण्यापलीकडे काही होत नाही. `prefetch` हे फोल्डर रिकामे करण्याची शिकवण तर अपायकारकच आहे, कारण प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोजने केलेली टिपणे त्यात असतात. रॅम मोकळी करून देण्याचा दावा करणारे प्रोग्रॅम स्वतःच रॅम खातात. रजिस्ट्री साफ करणाऱ्यांविषयी इतकेच म्हणता येईल की त्यांच्यामुळे बिघडलेली यंत्रे पाहिली आहेत, सुधारलेले एकही नाही. फॉरमॅटचा उपयोग व्हायरस खरोखर शिरला असेल किंवा अद्ययावतीकरण अर्धवट राहून विंडोज मोडली असेल तेव्हाच. आणि तो करण्यापूर्वी पहाटेची व दुपारची ती परीक्षा झालेली असावी.

ज्या यंत्रात चार जीबी रॅम बोर्डावरच कायमची जडविलेली आहे, वाढविण्यास जागा नाही आणि साठवणही बोर्डालाच चिकटलेली ६४ जीबींची आहे, त्याच्यावर मात्र खर्च करू नये. ते ब्राउझरची एक-दोन पाने उघडण्यापुरते मुलांकडे द्यावे, आणि पुढचा लॅपटॉप घेताना दुकानदाराला रंग व पडद्याचा आकार यांच्या आधी एवढे विचारावे की रॅमची दुसरी जागा रिकामी आहे काय, आणि पंख्यापर्यंत पोहोचण्यासाठी किती स्क्रू काढावे लागतील.